राजीनाम्याच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची असते ती तारीख

"दादा नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत क्लार्क आहे. येत्या १२ ऑगस्टला लागून पाच वर्षं होतील. पुण्यातल्या एका स्टार्टअपची ऑफर आलीय, दुकानदारांच्या उधारी-वसुलीचं ॲप आहे त्यांचं. हातात ३८ हजार देतायत, इथे २७ पडतात. १ जुलैला जॉईन व्हा म्हणतायत. आमच्याकडे नोटीस एक महिना, नाहीतर एक महिन्याचा पगार भरायचा. बेसिक आणि डीए मिळून २१,८४० आहे. स्टाफ पतसंस्थेचं १ लाख ४० हजार कर्ज बाकी आहे. राजीनाम्याचा ड्राफ्ट सोबत जोडलाय, दोन पानं झालीत. दोनदा प्रमोशनला डावललं ते लिहिलंय, 'तत्काळ प्रभावाने मंजूर व्हावा' असं लिहिलंय आणि शेवटी 'भविष्यात पुन्हा संधी द्यावी' असंही टाकलंय. बघून सांगा काय बदलू. नोकरी बाबांच्या ओळखीच्या एका संचालकांनी शब्द टाकला म्हणून लागली होती, त्यामुळे घरात पण वातावरण गरम आहे."

ताई, ड्राफ्ट वाचला. भाषा चांगली आहे तुमची, पण दोन पानांतलं जेमतेम चार ओळी ठेवू, बाकी सगळं काढू. त्याआधी एक काम करा, कपाटातून नेमणुकीचं पत्र काढा आणि जॉईन झाल्याची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण तुमचा सगळा हिशोब त्या एका तारखेवर उभा आहे आणि ड्राफ्टमध्ये ती कुठेच नाही.

तुमच्यासारख्या कायम नोकरीत ग्रॅच्युइटी मिळायला सलग पाच वर्षं नोकरी लागते. राजीनामा देऊन गेलं तरी मिळते, ती काय फक्त रिटायर होणाऱ्यांची नसते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हिशोब असा, शेवटचं बेसिक अधिक डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचे २१,८४० भागिले २६ म्हणजे ८४० रुपये रोज, त्याचे १५ दिवस म्हणजे १२,६०० आणि पाच वर्षांचे ६३,०००. आता १ जुलैला जॉईन होण्यासाठी ३० जूनला बाहेर पडलात तर पाच वर्षांना साधारण सहा आठवडे कमी पडतात. त्या सहा आठवड्यांत स्टार्टअपमध्ये तुम्हाला जास्त मिळणार महिन्याला ११ हजार, म्हणजे दीड महिन्याचे साडेसोळा हजार. साडेसोळा हजारांसाठी ६३ हजारांवर पाणी सोडायचं का? आणि नोटीस पण पूर्ण भरत नाही ना, आज ५ जून आहे, उद्या पत्र दिलं तरी महिना जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपतो, म्हणजे थोडे दिवस तुम्हालाच खिशातून भरायला लागणार.

इथे दोन गोष्टी तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच बोलतो. पहिली, 'सहा महिन्यांच्या वर झालं की पूर्ण वर्ष धरतात, मग तुझी चार वर्षं दहा महिने म्हणजे पाचच की!' असं नाही. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरायचा नियम रक्कम काढताना लागतो, पाच वर्षांची अट आधी ओलांडलेली असेल तरच. म्हणजे पाच वर्षं सात महिने झाले तर सहा वर्षांचे पैसे, पण चार वर्षं दहा महिन्यांची पाच होत नाहीत. दुसरी गोष्ट जरा खरी आहे, पाचव्या वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष पूर्ण धरावं असं मद्रास हायकोर्टाने म्हटलेलं आहे, आणि तुमचे ते दिवस कधीच भरलेत. पण तुमची बँक ते ऐकेलच असं नाही, नाही ऐकलं तर तुम्ही पुण्यात नवीन नोकरी करणार आणि इकडे ग्रॅच्युइटीसाठी कामगार खात्यात खेटे मारणार. सहा आठवडे थांबून जे विनातक्रार मिळतंय त्यासाठी भांडायला कशाला जायचं.

आणि ती १२ ऑगस्ट नेमकी कसली तारीख आहे तेही बघा. सहकारी बँकांत बऱ्याच वेळा पहिले सहा महिने-वर्षभर शिकाऊ म्हणून स्टायपेंडवर ठेवतात आणि मग प्रोबेशनची ऑर्डर देतात. प्रोबेशन नोकरीत धरलं जातं, शिकाऊ काळ मात्र बँका धरत नाहीत आणि त्यावर वाद होतात. तुमची १२ ऑगस्ट प्रोबेशनच्या ऑर्डरवरची असेल तर बिनधास्त. ती जर शिकाऊ म्हणून हजर झाल्याची तारीख असेल तर मला परत लिहा, मग सगळा हिशोब नव्याने करायला लागेल.

समजा १२ ऑगस्टच आहे, तर पाचवं वर्ष ११ ऑगस्टला पूर्ण होतं. मी तुमच्या जागी असतो तर १४ ऑगस्टला कामकाज संपल्यावर बाहेर पडलो असतो. दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवायचे, कारण शेवटच्या दिवशी कोण कुठल्या तारखेने काय टाईप करेल सांगता येत नाही. महिन्याची नोटीस म्हणजे पत्र १० जुलैच्या आसपास द्यायचं, आज नाही.

आता तुम्ही म्हणाल की लवकर दिलं तर काय बिघडलं, तारीख तर पुढचीच टाकणार आहे. बिघडू शकतं. काही बँकांच्या सेवानियमात असं असतं की नोटिशीऐवजी बँक स्वतःच महिन्याचा पगार देऊन कर्मचाऱ्याला लगेच मोकळं करू शकते. तुमच्यात तसं कलम असेल आणि तुम्ही जूनमध्ये पत्र दिलंत तर जुलैतच 'घ्या तुमचा पगार आणि निघा' होऊ शकतं, मग पाच वर्षं गेली उडत. सुप्रीम कोर्टात १९८९ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या अधिकाऱ्याची केस होती, त्याने जानेवारीत राजीनामा दिला आणि लागू ३० जूनपासून असं लिहिलं, बँकेने तो फेब्रुवारीतच मंजूर करून टाकला. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, त्याने लिहिलेली तारीख बँकेला आपल्या मनाने अलीकडे ओढता येत नाही आणि तोवर तो राजीनामा परत पण घेऊ शकतो असं. पण ते त्या बँकेचे नियम वाचून दिलेलं होतं, तुमच्या बँकेचे नियम वेगळे असतील. म्हणून हेड ऑफिसमधून नाहीतर युनियनवाल्यांकडून सेवानियमांचं पुस्तक मागून राजीनाम्याचं पान वाचा, मोबाईलवर फोटो काढा, आणि १० जुलैपर्यंत शाखेत कोणाजवळ बोलू नका. कोणाजवळ म्हणजे शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीजवळ सुद्धा नाही.

यातनंच कळलं असेल की 'तत्काळ प्रभावाने' हे दोन शब्द का उडवायचेत. ते शब्द आपण अर्जात सवयीने टाकतो, जरा वजनदार वाटतात म्हणून, पण त्याचा अर्थ तुम्ही आजच सोडताय आणि नोटीस देत नाही असा होतो. बँकेने तो शब्दशः घेतला तर ग्रॅच्युइटी पण गेली आणि वर एक महिन्याचा पगार तुम्हालाच भरायचा.

प्रमोशनचा पॅरा काढताना तुम्हाला वाईट वाटेल. दोनदा ज्युनियरला वर घेतलं, राग येणारच, आणि तुम्ही लिहिलंय ते खरंच असेल. पण तुमचं पत्र शाखाधिकाऱ्यांकडून हेड ऑफिसला जाणार, तिथून बहुतेक संचालक मंडळाच्या नाहीतर स्टाफ उपसमितीच्या सभेपुढे विषय म्हणून जाणार. तिथे पंधरा जण बसलेले असतात, त्यातल्या कोणीतरी 'हे काय लिहिलंय, आधी खुलासा मागवा' म्हटलं की विषय पुढच्या सभेवर गेला, आणि पुढची सभा महिन्याने. तक्रारवाला राजीनामा म्हणजे त्यांच्या दृष्टीने राजीनामा कमी आणि तक्रारअर्ज जास्त. तक्रार करायचीच असेल तर वेगळ्या कागदावर करा, पण मग आधी करायला हवी होती. 'भविष्यात पुन्हा संधी द्यावी' हे पण काढा, राजीनाम्यात कुठलीही अपेक्षा किंवा अट असली की तो निखळ राजीनामा राहत नाही आणि कोणाला तरी त्यात अडकवायला जागा मिळते. स्टार्टअपचं नाव पण नको. कुठे जाताय हे सांगायला तुम्ही बांधील नाही, आणि हे ॲप उधारी-वसुलीचं आहे म्हटल्यावर 'आपल्या ग्राहकांची माहिती घेऊन चालली' अशी कुजबुज करायला तेवढं पुरतं.

तर पत्र एवढंच:

प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, (बँकेचं नाव), मुख्य कार्यालय.
मार्फत : मा. शाखाधिकारी, (शाखा).
विषय : नोकरीचा राजीनामा.
महोदय, मी (नाव), लिपिक, कर्मचारी क्रमांक (…), दिनांक १२ ऑगस्ट (वर्ष) पासून बँकेच्या सेवेत आहे. वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. सेवानियमांनुसार एक महिन्याची नोटीस या पत्राने देत असून दिनांक १४ ऑगस्ट (वर्ष) रोजी कामकाज संपल्यानंतर मला सेवेतून मुक्त करावे. माझ्याकडील कामाचा चार्ज त्यापूर्वी नेमून दिलेल्या व्यक्तीकडे सोपवीन. माझी ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार व इतर देय रकमा नियमानुसार मिळाव्यात आणि सेवामुक्तीचे पत्र व अनुभव प्रमाणपत्र द्यावे. आपली विश्वासू.

बस. एखादी आभाराची ओळ घालावीशी वाटली तर घाला, मनापासून असेल तर. 'मुक्त करावे' च्या आधी तारीख आणि 'कामकाज संपल्यानंतर' हे शब्द असलेच पाहिजेत, आणि जॉईन झाल्याची तारीख पण, कारण दोन्ही तारखा एकाच कागदावर आल्या की पाच वर्षं पूर्ण झाली हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. मार्फत शाखाधिकारी लिहिलंय ते रीत म्हणून, राजीनामा मंजूर करण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी त्यांना नसतो.

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. नोटीस त्या आवक तारखेपासून मोजतात, तुम्ही पत्रावर टाकलेल्या तारखेपासून नाही. साहेब 'ठेव टेबलावर, बघतो' म्हणाले की हसून म्हणायचं, साहेब पोच तेवढी द्या. नाहीच दिली तर त्याच दिवशी हेड ऑफिसला स्पीड पोस्टाने आणि बँकेच्या अधिकृत ईमेलवर. आणि नोटिशीच्या महिन्यात उगाच रजा टाकू नका, शिल्लक रजा नोटिशीत वळती करायला बँकेची लेखी संमती लागते.

आता चार्जबद्दल, यावर मी जरा जास्त बोलणार कारण मी स्वतः पोळलोय. मी पण एका सहकारी बँकेत अकरा वर्षं होतो, नाव घेत नाही. सोडताना मला वाटलं सगळं दिलं, किल्ल्या दिल्या, रजिस्टरं दिली, चहा झाला, नारळ-शाल झाली. सेवामुक्तीचं पत्र काही येईना. दीड महिन्याने कळलं की सस्पेन्समध्ये ४,२०० रुपयांची एक एन्ट्री माझ्या आयडीने उघडी पडून आहे. एका ग्राहकाचा क्लिअरिंगचा चेक परत आला होता, मी रक्कम तात्पुरती सस्पेन्सला टाकली आणि उलटवायची राहून गेली. पैसे कुठे गेले नव्हते, खातं सापडलं, एन्ट्री उलटली, पण त्यासाठी दोनदा रजा काढून जुन्या शाखेत जाऊन बसायला लागलं आणि नवीन ऑफिसवाले तोवर रोज विचारत होते की रिलिव्हिंग लेटर कुठंय.

म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत तुमच्या आयडीने पडलेल्या सस्पेन्सच्या आणि संकीर्ण खात्यांच्या एन्ट्रींची यादी सिस्टिममधून काढायला लावा आणि एकेक मिटवा, ज्या मिटणार नाहीत त्या कारणासकट चार्जच्या कागदावर लिहा. त्याच कागदावर कोऱ्या एफडी पावत्यांचे नंबर कुठून कुठपर्यंत, चेकबुकांचा स्टॉक, लॉकर रजिस्टर, रबरी शिक्के, किल्ल्या, सगळं लिहून घेणाऱ्याची सही. कॅशवर असाल तर शेवटच्या दिवशी कॅश मोजून रजिस्टरला दोघांच्या सह्या.

आणि तुमचा सिस्टिमचा युजर आयडी. खरं सांगा, तुमचा पासवर्ड शाखेत किती जणांना माहीत आहे? आमच्यात तर तो एका चिठ्ठीवर कीबोर्डखाली होता, जेवायच्या सुट्टीत गर्दी झाली की जो असेल तो वापरायचा. नोकरीत असताना ती सोय वाटते, पण तुम्ही गेल्यावर त्या आयडीने एक जरी व्हाउचर पडलं तर कागदावर ते तुमचं आहे. पत्र दिलं त्याच दिवशी पासवर्ड बदला, आणि १४ ऑगस्टला संध्याकाळी आयडी बंद करावा असा ओळभर अर्ज देऊन त्याचीही पोच घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, कोणी करत नाही.

पतसंस्थेचं कर्ज. १ लाख ४० हजारांचा हप्ता आत्ता पगारातून कापला जातो, पगार थांबला की कपात थांबणार आणि मग संस्था बघणार जामीनदारांकडे. तुमचे जामीनदार म्हणजे तुमच्याच शाखेतले दोन सहकारी असतील ना? त्यांच्या पगारातून तुमचा हप्ता कापला जायला लागला तर पाच वर्षांचे संबंध एका महिन्यात संपतात. पतसंस्थेचे तुमचे शेअर्स आणि वर्गणीची ठेव किती जमलीय ते विचारा, ती कर्जात वळती केल्यावर बाकी किती राहते तो आकडा लेखी घ्या. तीस-चाळीस हजार वळते झाले आणि ग्रॅच्युइटीचे ६३ हजार तिकडे भरले तर उरलेलं चार-सहा महिन्यांत निघेल एवढंच राहतं. बघा, त्या सहा आठवड्यांचा इथे पण उपयोग झाला. थकबाकी असेल तर 'येणे बाकी नाही' चा दाखला अडतो आणि त्याच्यामागे सगळंच अडतं. बँकेकडून सवलतीच्या व्याजाने काही घेतलं असेल, दुचाकीचं वगैरे, तर सोडल्यावर त्याला सामान्य ग्राहकाचा दर लागतो का हे पण विचारून ठेवा.

स्टार्टअपशी आजच बोला. फोनवर नको, मेलवर, की नोटीस आणि चार्जमुळे १७ ऑगस्टला जॉईन होऊ शकते. ग्रॅच्युइटीचं सांगायची गरज नाही. सहकारी बँकेचं काउंटर सांभाळलेली व्यक्ती त्यांना दुकानदारांशी बोलायला हवी असेल तर ते दीड महिना थांबतील, आणि नाहीच थांबले तर ती घाई कशाची आहे हा प्रश्न तुम्हालाही पडला पाहिजे. नवीन तारखेचं, सहीचं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय बँकेत पत्र द्यायचं नाही, 'मेल येतोय, तुम्ही राजीनामा टाकून द्या' वर विश्वास ठेवायचा नाही. त्यांच्याकडे माणसं किती आहेत तेही विचारा. वीसपेक्षा कमी असतील तर पीएफ त्यांना सक्तीचा नसतो. मग हातात ३८ दिसतात खरे, पण बँक दर महिन्याला स्वतःच्या खिशातून तुमच्या पीएफमध्ये टाकत होती ते त्यातून वजा करून बघा. पीएफ असेल तर जुनी रक्कम काढू नका, त्याच यूएएनवर ट्रान्सफर करा, पेन्शनला लागणारी दहा वर्षं जुनी-नवी मिळून मोजतात. बँकेने सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली का ते सप्टेंबरमध्ये एकदा बघा, नसेल टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाही टाकता येते. शेअर्सचं काही बोलले असतील तर पहिल्या वर्षात सोडलं तर साधारण काहीच हातात येत नाही, तेवढं लक्षात ठेवून बाकी पगार बघूनच ठरवा.

राहिला घरचा प्रश्न. त्या संचालकांना तुमचा राजीनामा सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्यांदा दिसला तर बाबांची मान खाली जाईल, राजीनाम्यामुळे नाही, न सांगितल्यामुळे. ९ जुलैला संध्याकाळी बाबांना घेऊन त्यांच्या घरी जा. परवानगी मागायला नाही, सांगायला, की काका उद्या पत्र देतेय, तुमच्यामुळे उभी राहिले, आता पुण्याला जातेय. ते कदाचित म्हणतील थांब, मी प्रमोशनचं बघतो. तेव्हा 'बघू' म्हणू नका, आपल्याकडे 'बघू' म्हणजे अर्धा होकार असतो. पत्र ठरलंय म्हणा, चहा घ्या आणि निघा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत, काउंटर सुरू व्हायच्या आधी, शाखाधिकाऱ्यांना केबिनमध्ये तोंडी सांगून मगच पत्र पुढे करा.